बाटली इतकी गार की बिअरच हरवते

नागपुरात मे महिन्यात कुठल्याही बिअर शॉपीसमोर दहा मिनिटं उभं राहिलं की एकच संवाद पुन्हा पुन्हा कानावर येतो. गिऱ्हाईक बाटली हातात घेतं, मानेवरचं दव अंगठ्यानं पुसतं आणि बाटली परत करतं. "भाऊ, मागची दे नं. कडक थंडी." दुकानदार कूलरमध्ये कोपरापर्यंत हात घालून मागच्या जाळीला टेकलेली बाटली ओढून काढतो. ती हातात घेतल्यावर बोटं सुन्न झाली की गिऱ्हाईक खूश.

हे कूलर दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. कॉम्प्रेसर, थर्मोस्टॅट, गॅस भरणं, सगळं. मालक लोकांची मागणी ठरलेली असते: "मशीन झिरोवर लावून दे." कितीतरी वर्षं मी मुकाट्यानं लावून देत आलो. बिअर जितकी गार तितकी चांगली, यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

मग एकदा मेमध्ये मित्राच्या गच्चीवर बसलो होतो. त्याचा पुण्याचा भाचा गव्हाच्या बिअरच्या चार बाटल्या घेऊन आला होता. बेल्जियन पद्धतीची बिअर, म्हणजे तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घातलेली असते. मित्रानं बाटल्या तासभर फ्रीझरमध्ये ठेवल्या, गार ग्लासांत ओतल्या. पहिला घोट घेऊन तो म्हणाला, "हे तं पानीच लागून रायलं बे. येवढे पैसे काऊन दिले?" मलाही तसंच वाटलं. ग्लास बाजूला ठेवून आम्ही सावजी मटणाच्या मागे लागलो. वीसेक मिनिटांनी तोंड भाजलं म्हणून मी तोच अर्धा ग्लास उचलला आणि तो नाकापर्यंत आला तेव्हाच थबकलो. ताजे कुटलेले धणे. त्यामागे संत्र्याच्या सालीचा तो तिखट-गोड वास, साल नखानं सोलताना हाताला लागतो तसा. नागपूरच्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. ग्लास तोच, बिअरही तीच. खिशात कामाचा थर्मामीटर होता, बुडवला: १० अंश सेल्सिअस.

तिथून मी या गोष्टीच्या मागे लागलो. जे कळलं ते इथे लिहितो.

बिअरची "चव" म्हणून आपण जे म्हणतो त्यातला फार मोठा भाग हा वास असतो. जिभेला गोड, कडू, आंबट, खारट आणि मांसल अशा मोजक्या चवी कळतात. धणे, संत्रं, केळं, लवंग, भाजलेला पाव, कॉफी, गवत हे सगळं नाक ओळखतं आणि घोट गिळताना घशाच्या मागच्या वाटेनं हे वास नाकात चढतात. पण त्यासाठी ते रेणू आधी द्रवातून सुटून हवेत यायला हवेत. ते किती सुटतील हे तापमान ठरवतं. सुगंधी रेणूंच्या बाबतीत साधारण हिशेब असा धरता येतो की दर दहा अंशांना हवेत येणारं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. म्हणजे २ अंशांच्या ग्लासावर जेवढा धण्याचा वास तरंगतो, त्याच्या सुमारे दुप्पट १२ अंशांवर. कूलरमधून धणे कुठे पळून गेलेले नसतात, ते बिअरमध्येच अडकून बसलेले असतात. सकाळी फ्रीजमधून काढलेल्या वरणाला वास येत नाही आणि गॅसवर ठेवलं की घरभर फोडणीचा वास सुटतो, तोच प्रकार.

दुसरी गोष्ट जिभेची. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींत एक प्रथिन असतं, त्याला शास्त्रज्ञ टीआरपीएम-५ म्हणतात. गोड, कडू आणि मांसल या चवींचा संदेश मेंदूकडे जाण्याच्या वाटेवरचं ते एक दार आहे असं समजा. हे दार उष्णतेनं जास्त उघडतं आणि गारठ्यात आखडतं. २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात याबद्दलचा शोधनिबंध आला होता: १५ ते ३५ अंशांच्या टप्प्यात तापमान वाढेल तसं हे दार अधिक जोरात काम करतं. वितळलेलं आइस्क्रीम जास्त गोड का लागतं, याचं उत्तर यात आहे. बिअरमधला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोडवा गारठ्यात याच कारणानं बुजतो आणि मागे उरतो तो फक्त गार, टोचरा, पातळ घोट. "पानीच लागून रायलं" हे मित्राचं वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होतं.

तिसरी गोष्ट वायूची, आणि माझ्या मते सगळ्यात मजेदार. बिअरमधले बुडबुडे म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. द्रव जितका गार तितका तो जास्त वायू धरून ठेवतो. हवेच्या दाबाइतक्याच दाबाच्या कार्बन डायऑक्साइडखाली ० अंशांचं एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर वायू धरतं. २० अंशांना हेच ०.९ वर येतं आणि ४० अंशांना अर्ध्या लिटरच्या आसपास. बाटलीतल्या साध्या बिअरमध्ये दर लिटरमागे सुमारे अडीच लिटर वायू दाबून भरलेला असतो. म्हणजे झाकण उघडताच जास्तीचा वायू बाहेर पडू बघतो, आणि किती घाईनं पडेल ते तापमानावर. १२ अंशांना भरघोस फेस येतो, २ अंशांना फेस मरगळलेला आणि वायू बिअरमध्येच दबलेला. मग तो वायू कुठे सुटतो? पोटात, जिथे ३७ अंश असतात. एक मोठी ६५० मिलीची बाटली बर्फगार असताना घटाघट संपवली तर अर्ध्या लिटरहून जास्त वायू पोटात मोकळा होऊ शकतो. "बिअरनं पोट फुगतं" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांची तक्रार खरं तर बिअरविषयी नसून दोन अंशांविषयी असते.

आता मुद्द्यावर येतो. किती गार म्हणजे फार गार?

याचं एकच उत्तर नाही, कारण बिअर एकच नाही. लागर आणि एल या दोन मोठ्या घराण्यांतला मूळ फरक यीस्टचा आणि त्याच्या स्वयंपाकघराचा. लागरचं यीस्ट गारव्यात, ८ ते १३ अंशांच्या आसपास सावकाश काम करतं, आणि मग ती बिअर कित्येक आठवडे जवळजवळ गोठणबिंदूपाशी मुरवतात. "लागर" या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण. गारव्यात मंद काम करणारं यीस्ट फळांसारखे वास फारसे तयार करत नाही, आणि मुरताना बरंच काही निवळतं. हाती येते ती स्वच्छ, माल्ट आणि हॉप्सच्या कडू फुलांपुरती बोलणारी बिअर. १८४२ साली पिल्झन गावात निघालेली सोनेरी बिअर या घराण्यातली सगळ्यात प्रसिद्ध. एलचं यीस्ट मात्र १५ ते २४ अंशांत धडाक्यात काम करतं आणि जाता जाता केळं, सफरचंद, लवंग अशा वासांचे रेणू मागे ठेवून जातं. गव्हाची बिअर, फिकट रंगाची पेल एल, हॉप्सनं जास्त कडू केलेली आयपीए, काळी स्टाउट ही सगळी याच घराण्यातली.

म्हणून लागरकडे गारव्यानं झाकण्यासारखं मुळात कमी असतं आणि तिची मजा स्वच्छ, चुरचुरीत घोटात असते. ती ४ ते ७ अंशांत छान लागते. आपल्याकडच्या हलक्या, मक्याच्या किंवा तांदळाच्या आधारानं बनवलेल्या माइल्ड बिअरला मी ४ देईन, पूर्ण माल्टच्या चांगल्या पिल्झनरला ६ किंवा ७. तिची हॉप्सची गवताळ-फुलांची झुळूक ३ अंशांखाली गेली की संपली. लागरसाठी माझी खालची रेषा ३ अंश. त्याखाली तुम्ही बिअरचे पैसे देऊन गारवा विकत घेता.

एलची रेषा बरीच वर आहे. गव्हाच्या बिअरला ७ ते ९, आयपीए आणि पेल एलला ८ ते १०, स्टाउटला १० ते १२, आणि ज्या जड, नऊ-दहा टक्क्यांच्या बिअर सावकाश चाखत प्यायच्या असतात त्यांना १२ ते १४ अंश. ६ अंशांखाली कोणतीही एल देणं म्हणजे हापूसचा आमरस गोठवून चोखायला देणं. खाता येतो, पण मग हापूसच कशाला हवा?

आपल्याकडे सर्रास चालणारी स्ट्राँग, आठ टक्क्यांच्या आसपासची बिअर मात्र मी या नियमातून वेगळी काढतो. ती बहुतेक वेळा लागरच असते, पण तिच्यात अल्कोहोल जास्त आणि त्याला सावरायला माल्टचा भराव कमी. १० अंशांवर तिला नेलपॉलिशच्या जवळ जाणारा वास सुटतो आणि घशात जळजळ होते. तिला ४-५ अंशांतच ठेवा. गारठा इथे उपकार करतो. ज्यांना "थंडी असेल तरच जाते" असं वाटतं त्यांची जीभ काही चुकीचं सांगत नाही, ती फक्त त्या एका बिअरविषयी सांगत असते.

इंग्रज लोक कोमट बिअर पितात अशी एक थट्टा आपण ऐकत आलोय. त्यांची पिंपातली एल तळघराच्या तापमानाला, ११ ते १३ अंशांना देतात. नागपूरच्या मेमध्ये १२ अंशांची कुठलीही वस्तू हातात घेऊन तिला कोमट म्हणून दाखवा. पण त्या तापमानामागे नुसती सवय नाही. त्या पिंपाला वर छिद्र पाडून वायू मोकळा होऊ देतात, वरून दाबानं वायू भरत नाहीत. हवेच्या दाबाइतक्या दाबाला १२ अंशांचा द्रव लिटरमागे सुमारे १.१ लिटर वायू धरतो, आणि त्या बिअरमध्ये वायू असतो साधारण तेवढाच. म्हणजे ती त्या तापमानाला नेमकी काठोकाठ भरलेली असते. हीच बिअर ४ अंशांवर नेली तर ती आणखी वायू धरू शकते, पण वायू येणार कुठून? मग आहे तो सगळा आत दडून बसतो आणि बिअर मेल्यासारखी सपाट लागते. शिवाय ती गढूळ होते. माल्टमधली प्रथिनं आणि टॅनिनसारखे घटक गारव्यात एकमेकांना चिकटून बारीक धुकं तयार करतात, ते गरम झालं की पुन्हा विरघळतं. हे धुकं घरीही दिसू शकतं: स्वच्छ पेल एल फार गार केली तर ग्लासात दुधाळ झाक येते आणि पंधरा मिनिटांत नाहीशी होते. तसं दिसलं तर बिअर खराब नाही, तुमचा फ्रीज जास्त मेहनत करतोय.

आता नागपूरचा खरा प्रश्न. वरचे सगळे आकडे हे ओठाशी येणाऱ्या बिअरचे आहेत, आणि इथे बाटली ते ओठ या प्रवासात बरंच काही घडतं. २३ मे २०१३ ला या शहरानं ४७.९ अंश पाहिलेत. कूलर लावलेल्या खोलीतही मेमध्ये फडताळातला ग्लास ३६ अंशांचा असतो. त्यात ३ अंशांची बिअर ओतली तर काय होईल?

हिशेब शाळेतलाच आहे. ३३० मिली बिअरचं तापमान एक अंश वाढवायला साधारण १३०० ज्यूल लागतात. ३०० ग्रॅमच्या काचेच्या ग्लासाला एक अंशामागे सुमारे २५० ज्यूल. दोघांची उष्णता एकत्र करून वाटली की मिश्रण येतं ८ अंशांच्या थोडं वर. म्हणजे हवेनं काही करायच्या आत, नुसत्या ग्लासानंच दोनेक मिनिटांत पाच अंश चढवले! कानवाला जाडजूड मग घेतला, ६०० ग्रॅमचा, तर बिअर थेट १२ अंशांपर्यंत जाते. आता गिऱ्हाईकाला शून्याची बाटली का हवी असते हे कळलं ना? त्याला शून्याची बिअर नको असते. त्याला गरम ग्लासात ओतल्यावरही गार राहणारी बिअर हवी असते, आणि त्याचा बंदोबस्त तो बाटलीकडून करून घेतो. ग्लास थंड पाण्यातून विसळून घेणं हा त्याहून सोपा उपाय आहे. २० अंशांचा तोच ३०० ग्रॅमचा ग्लास बिअरला तीन अंशच वर नेतो.

उलट टोकही तपासून बघा. फ्रीझरमध्ये पांढरा झालेला मग काही ठिकाणी मोठ्या थाटात आणून ठेवतात. त्या उणे १५ अंशांच्या ६०० ग्रॅम काचेत ३ अंशांची बिअर ओतली तर तोच हिशेब बिअरला उणे २ च्या आसपास नेतो, आणि पाच टक्क्यांची बिअर साधारण तिथेच गोठते. प्रत्यक्षात तो मग टेबलावर येईपर्यंत त्याचा गारठा थोडा उतरलेला असतो, त्यामुळे सगळी बिअर गोठत नाही, पण काचेलगत बर्फाचा चुरा तरंगताना दिसतो. वर आतल्या बाजूला जमलेलं दव म्हणजे साधं पाणी, ते बिअरमध्ये उतरतं. त्याच्या खडबडीत कणांवर वायू भसकन सुटतो, सुरुवातीला नुसता फेस आणि मग सपाट बिअर. दिसायला रुबाबदार, प्यायला सगळ्यात वाईट. हे मी कूलरवाल्याच्या तोंडानं सांगतोय, ज्याचं पोट गारव्यावर चालतं.

ग्लास भरल्यानंतर हवेचं काम सुरू होतं. ३४ अंशांच्या खोलीत, साधा ग्लास, मी घड्याळ लावून बसलो होतो: ४ अंशांची बिअर दहा मिनिटांत ८ च्या घरात. पंख्याखाली त्याहून लवकर, कारण पंखा ग्लासाभोवतीचा गार थर उडवून लावतो. बाहेर जमणारे पाण्याचे थेंबही निर्दोष नाहीत. वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता काचेला देऊन जाते, म्हणून पावसाळ्यातल्या दमट हवेत ग्लास जास्त घामेजतो आणि लवकर गरम होतो. यावरून मी घरी असं ठरवलंय: लागर छोट्या ग्लासात, दोनशे मिलीच्या, आणि बाटली बर्फाच्या पाण्यात उभी. एल मात्र मोठ्या ग्लासात, दोन अंश कमीवर ओतलेली. गव्हाची बिअर ६ वर ओतली की पहिल्या घोटाला ७, निम्म्याला ९, शेवटच्याला ११, आणि दर पाच मिनिटांनी त्यात काहीतरी नवं सापडतं. धणे आधी येतात, संत्र्याची साल मागून.

हे स्वतः पाहायचं असेल तर दुपारी एका बिअरवर तासभर घालवा. एकाच बॅचच्या दोन छोट्या बाटल्या घ्या, एक बर्फाच्या पाण्यात तासभर ठेवा, म्हणजे ती १ अंशाजवळ येईल. दुसरीही तशीच गार करा, पण बाहेर काढून १० अंशांपर्यंत येऊ द्या. थंड पाण्यानं विसळलेल्या सारख्या ग्लासांत ओता आणि आधी फक्त हुंगा. घरच्यांपैकी कुणाला तरी डोळे मिटून हुंगायला सांगा. तोंडी वर्णनापेक्षा त्या दोन श्वासांत जास्त कळतं. हे संध्याकाळी तहान लागलेली असताना करू नका. उन्हातून आलेल्या माणसाला २ अंशांचं काहीही अमृत वाटतं, त्यामुळे आधी दोन ग्लास माठातलं पाणी, मग प्रयोग.

थर्मामीटर साधा स्वयंपाकाचा डिजिटल चालतो, पण आधी त्याची परीक्षा घ्या: बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र ढवळा, त्यात त्यानं ० दाखवलं पाहिजे. यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे आपण नागपूरकरांना २०२४ च्या मे अखेरीस कळलंय. इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता.

गार करण्याच्या बाबतीत लोक दोन चुका करतात, आणि दोन्ही मी केल्या आहेत.

पहिली फ्रीझरची. ३८ अंशांची मोठी बाटली साध्या फ्रीजमध्ये ६ अंशांवर यायला पाच-सहा तास घेते, म्हणून घाईत ती फ्रीझरमध्ये जाते. तिथे सव्वा-दीड तासात काम होतं. पण पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात ती गोठणबिंदूच्याही खाली सरकते आणि माणूस गप्पांत विसरतो. कधी ती उणे ३-४ ला जाऊनही द्रवच राहते, शांत पडून असते, आणि झाकण उघडताच डोळ्यांदेखत वरून खाली बर्फ धावतो. कधी बाटली फुटते आणि मटारांच्या पिशवीत काचा सापडतात. आमच्याकडे सापडल्या होत्या, त्या संध्याकाळी घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. गोठून पुन्हा वितळलेली बाटली ओळखता येते: प्रथिनांचे पांढरे तुकडे तरंगतात, आणि मघाचं धुकं गरम झाल्यावर विरघळतं तसे हे विरघळत नाहीत. फेसही धरत नाही. ती ओतून द्या.

दुसरी चूक नुसत्या बर्फाची. बादलीत बर्फाचे तुकडे आणि त्यात बाटल्या, असं लग्नाच्या हॉलमागे दिसतं. तुकड्यांमध्ये हवा असते, बाटलीला बर्फ मोजक्या ठिकाणीच टेकतो. त्यात पाणी ओता, निम्मं बर्फ निम्मं पाणी, आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. ३८ अंशांची बाटली पंधरा-वीस मिनिटांत ६ वर येते, मधूनमधून फिरवली तर त्याहून आधी. शिवाय हे सुरक्षित आहे, कारण बर्फाचं पाणी ० च्या खाली जात नाही आणि बिअर गोठते उणे २ ला. मीठ टाकलं की ही हमी संपते. मूठभर मीठ काम लवकर करतं, पण मग घड्याळ समोर ठेवा.

फ्रीजमध्येही जागा निवडता येते. मागच्या भिंतीजवळ, फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात माझ्या घरच्या फ्रीजमध्ये ३ अंश असतात, दाराच्या कप्प्यात ८. म्हणजे लागर आत मागे आणि एल दारात. एकाच फ्रीजमध्ये दोन्ही घराणी नांदतात, वेगळं मशीन लागत नाही.

एक गोष्ट मात्र दुकानदारांना आवडणार नाही. गारठा चव लपवतो तसा दोषही लपवतो. बिअर उन्हात आणि गोदामात शिळी होते. कारखान्यांत एक अंदाजपंचे नियम सांगतात: ३२ अंशांना तीन दिवसांत जेवढी बिअर म्हातारी होते, तेवढी २२ अंशांना तीस दिवसांत आणि ३ अंशांना तीनशे दिवसांत. आता एप्रिल-मेमधलं पत्र्याचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. अशी बाटली नंतर शून्यावर ठेवली तरी तरुण होत नाही, फक्त तिचं वय कळत नाही. (एकदा गार झालेली बाटली पुन्हा गरम झाली की खराब होते, ही समजूत मात्र चुकीची. एका दुपारीपुरतं तापून पुन्हा गार होण्यानं फारसं बिघडत नाही, महिना-महिना तापण्यानं बिघडतं.) शंका आली तर ग्लासाच्या तळाशी दोन घोट ठेवा, ते १५ अंशांपर्यंत येऊ द्या आणि हुंगा. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वास आला तर बाटलीनं उन्हाळा गोदामात काढलाय.

हल्ली कुणी "झिरोवर लाव" म्हणालं की मी विचारतो, आत काय ठेवणार? सगळी स्ट्राँग असेल तर ३ वर लावतो. वरच्या दोन फळ्यांवर गव्हाची आणि आयपीए असेल, तर थर्मोस्टॅट ४ वर ठेवून त्या फळ्यांसमोरची पंख्याची वाट अर्धी अडवून देतो. वर ७ मिळतात, खाली ४. एका मालकानं माझ्यासमोर वरची बाटली हातात घेतली, बोटं सुन्न झाली नाहीत म्हणून कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग उघडून एक घोट घेतला. "याच्यात संत्र हाय का बे?" त्यानं विचारलं. तो ही बिअर दीड वर्ष विकत होता.